पॅरलल पोलरायझेशन, एक काच आणि गायब होणारा ठिपका: मिनी प्रोजेक्टच्या नोंदी

11 जानेवारी, रविवार

टॉपिक फायनल झाला. लेझरचा किरण तिरपा काचेवर टाकायचा, परत किती येतो ते मोजायचं, आणि ज्या अँगलला पॅरलल पोलरायझेशनचं रिफ्लेक्शन शून्य होतं तो अँगल, म्हणजे ब्रूस्टर अँगल, स्वतः काढायचा. फील्ड्सच्या पेपरात हे डेरिव्हेशन घोकून लिहिलं होतं, मार्कही मिळाले, पण खरं सांगायचं तर ठिपका डोळ्यासमोर गायब होतो हे कधी पाहिलंच नव्हतं.

पार्टनरचं म्हणणं होतं की सिम्युलेशन करून मोकळं होऊ. मी म्हटलं सिम्युलेशन तर फॉर्म्युलाच परत छापून देणार ना, त्यात काय मोजलं आपण. शेवटी तर्री पोह्यांवर तो तयार झाला.

सामान: लाल लेझर पॉइंटर, 10 मिलिमीटर जाड काचेचा तुकडा (टेबलावर टाकतात ती काच, काचवाल्याकडे कटिंगमधला उरलेला तुकडा पडून होता, कडा घासून दिल्या), आणि जुन्या बंद मॉनिटरमधून सोललेली पोलरायझर शीट. जाड काच मुद्दाम घेतली. पातळ स्लाइडमध्ये पुढच्या आणि मागच्या बाजूचे ठिपके एकावर एक बसतात, 10 मिलिमीटरमध्ये ते सात-साडेसात मिलिमीटर लांब पडतात, मग मागचा ठिपका काळ्या कागदाने अडवता येतो.

14 जानेवारी

सुट्टी, पण आज गच्चीवर सगळे पतंग उडवून राहिले आणि मी खाली शीट घेऊन फरशी पाहत बसलो. कारण शीटचा अक्ष कोणत्या दिशेला आहे तेच माहीत नव्हतं. शीटच्या कडेवर भरवसा ठेवायचा नाही, अशा मॉनिटरमध्ये अक्ष बऱ्याच वेळा कडेला 45 अंशात असतो.

युक्ती सोपी आहे. खिडकीतला उजेड गुळगुळीत फरशीवरून तिरपा डोळ्यात येतो, ती चमक जास्त करून आडव्या पोलरायझेशनची असते. शीट डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरवायची, जिथे फरशीची चमक सर्वात कमी होते तिथे शीटचा पास होणारा अक्ष उभा आहे. स्केचपेनने बाण काढला. नंतर लक्षात आलं की जे मोजायचंय त्याचाच वापर करून मी मोजायचं साधन सेट केलं, पण त्यात चोरी काही नाही, फक्त दिशा घेतली, अँगल नाही.

17 जानेवारी

पहिलं रीडिंग घेतलं आणि सगळं गंडलं.

मांडणी अशी: प्लायवूडचं गोल टेबल, त्याखाली कोनमापकाची प्रिंट, मधोमध काच उभी. लेझर आडवा येतो, काच फिरवली की रिफ्लेक्टेड किरण बाजूला जातो. मी पोलरायझर उभा लावला, कारण पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की पॅरलल म्हणजे व्हर्टिकल पोलरायझेशन. 30 अंशाला रिफ्लेक्शन थोडं, 50 ला जास्त, 70 ला अजून जास्त. कुठेच कमी होईना. पार्टनर म्हणे, "काहून बे, तुझी काचच खराब आहे."

काच चांगली होती, डोकं खराब होतं. पॅरलल म्हणजे प्लेन ऑफ इन्सिडन्सला पॅरलल. येणारा किरण आणि काचेचा नॉर्मल ज्या पातळीत असतात ती पातळी. पुस्तकातलं उदाहरण अँटेना आणि जमिनीचं आहे, तिथे सरफेस जमीन, नॉर्मल वर जातो, पातळी उभी, म्हणून पॅरलल म्हणजे व्हर्टिकल. आमच्या टेबलावर काच उभी आहे, नॉर्मल आडवा, पातळी टेबलाला समांतर, म्हणून इथे पॅरलल म्हणजे आडवं. व्हर्टिकल-हॉरिझॉन्टल हे शब्द या कामात विसरलेलेच बरे, पातळी शोधायची आणि त्यावरून ठरवायचं.

पोलरायझर आडवा केला, काच 56 च्या आसपास नेली, आणि भिंतीवरचा ठिपका गेला. म्हणजे खरंच गेला. पार्टनरने हात मध्ये घालून पाहिला की लेझर बंद तर नाही झाला. काचेतून पलीकडे मात्र ठिपका व्यवस्थित होता. आणखी एक गंमत, मागच्या सरफेसचा ठिपकाही सोबतच गेला. त्याचं कारण नंतर कागदावर मिळालं, खाली लिहितो.

18 जानेवारी

आज हार्डवेअर नाही, फक्त कागद. हे नीट लिहून ठेवतो कारण व्हायव्हात हेच विचारणार.

बाउंडरीवर दोनच गोष्टी पाळायच्या असतात: सरफेसला समांतर असलेला इलेक्ट्रिक फील्डचा भाग दोन्हीकडे सारखा, आणि मॅग्नेटिक फील्डचाही तसाच. पॅरलल केसमध्ये मॅग्नेटिक फील्ड पूर्ण सरफेसला समांतर असतं, पण इलेक्ट्रिक फील्ड तिरपं असतं, त्यामुळे त्याचा फक्त कोसाइन एवढा भाग हिशोबात येतो. ते दोन्ही जुळवले की हे निघतं:

```
r_p = (n2 cosθi − n1 cosθt) / (n2 cosθi + n1 cosθt)
r_s = (n1 cosθi − n2 cosθt) / (n1 cosθi + n2 cosθt)
```

`r_p` पॅरलल केसचा, `r_s` पर्पेंडिक्युलरचा, `n1` हवेचा आणि `n2` काचेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, `θi` येण्याचा कोन, `θt` आत गेल्यावरचा, आणि `r` हे फील्डचं गुणोत्तर, पॉवरचं नाही. पॉवर म्हणजे `r` चा वर्ग. (ही गोष्ट पुढे फार कामाला आली.)

`r_p` शून्य करायचा तर `n2 cosθi = n1 cosθt`. त्यात स्नेल घातला, `n1 sinθi = n2 sinθt`, तर `sin2θi = sin2θt` येतं. म्हणजे एकतर दोन्ही कोन सारखे, जे दोन वेगळ्या मीडियममध्ये सरळ पडणाऱ्या किरणाशिवाय होत नाही आणि त्या किरणाला हे समीकरण लागूच पडत नाही, नाहीतर दोघांची बेरीज 90. दुसऱ्यावरून लगेच `tanθB = n2/n1`.

बेरीज 90 याचा अर्थ काय? रिफ्लेक्टेड किरण आणि आत गेलेला किरण एकमेकांना काटकोनात. आता काचेच्या आत इलेक्ट्रॉन आत गेलेल्या लाटेच्या इलेक्ट्रिक फील्डच्या दिशेने हलतात, आणि परत येणारा प्रकाश त्यांच्याच हलण्यामुळे तयार होतो. हलणारा इलेक्ट्रॉन छोट्या अँटेनासारखा, स्वतःच्या हलण्याच्या रेषेवर तो काहीच रेडिएट करत नाही. पॅरलल केसमध्ये इलेक्ट्रॉन आत गेलेल्या किरणाला आडवे हलतात, आणि काटकोन झाला की रिफ्लेक्शनची दिशा नेमकी त्यांच्या हलण्याच्या रेषेवर येते. त्या दिशेला देणारं कोणीच उरत नाही. पर्पेंडिक्युलर केसमध्ये इलेक्ट्रॉन पातळीच्या बाहेर, टेबलावर उभे हलतात, रिफ्लेक्शनची दिशा कायम त्यांच्या बाजूलाच राहते, म्हणून तिथे शून्य कधी येत नाही. `r_s` मध्ये घालून पाहा, दोन्ही बाजूंची चुंबकीय पर्मिएबिलिटी सारखी असेल तर उत्तर निघतच नाही.

आणि मागचा ठिपका: पुढे बेरीज 90, तर काचेतून बाहेर पडताना तेच दोन कोन उलटे, बेरीज परत 90. आतून बाहेर जाताना काचेचा ब्रूस्टर अँगल साधारण 33 अंश असतो आणि किरण आपोआप तिथेच पोचलेला असतो. समांतर बाजूंच्या काचेत हे फुकटात मिळतं.

21 जानेवारी

डिटेक्टर. आधी एलडीआर लावला होता, तो काढून टाकला. उजेड दुप्पट झाला की त्याचा रेझिस्टन्स अर्धा होत नाही, वाकडंच काहीतरी होतं, त्यावर ग्राफ काढण्यात अर्थ नाही. बर्डीवरून फोटोडायोड आणला (बीपीडब्ल्यू 34), 9 व्होल्टच्या बॅटरीने रिव्हर्स बायस, 10 किलोओहमवर व्होल्टेज मोजायचं. सरळ किरण पडला की 3.1 व्होल्ट. मल्टिमीटर 200 मिलिव्होल्ट रेंजवर 0.1 पर्यंत दाखवतो, म्हणजे सरळ किरणाचा तीस हजारावा भाग दिसतो. पुरे झालं.

दोन त्रास. लेझर चालू केल्यावर पहिली दहा मिनिटं 3.1 वरून खाली घसरत राहतो, म्हणून तो आधी तापू द्यायचा आणि दर चार-पाच रीडिंगनंतर सरळ किरण परत मोजायचा. दुसरा त्रास खरा डोकं खाणारा: काच 1 अंश फिरली की किरण 2 अंश फिरतो, 30 सेंटिमीटरवर तो सेंटिमीटरभर सरकतो, आणि फोटोडायोडची खिडकी तीन मिलिमीटरही नाही. दरवेळी डिटेक्टर ठिपक्यावर बसवावा लागतो. पण जिथे ठिपका गायब होतो तिथे बसवायचा कुठे? तासभर अंदाजाने सरकवत बसलो आणि जो शून्य मिळाला तो ब्रूस्टरचा की नेम चुकल्याचा ते कळेना. मग लॅबमधले काका म्हणाले, "आधी पोलरायझर उभा कर ना, ठिपका दिसतो, त्यावर डिटेक्टर ठेव, मग आडवा कर." एवढं सोपं. आता प्रत्येक अँगलला हेच करतो.

25 जानेवारी, रविवार

पूर्ण रन. उजवीकडे फिरवून मिनिमम 58 च्या जवळ, डावीकडे फिरवून 55 च्या जवळ. एकाच काचेचे दोन ब्रूस्टर अँगल असू शकत नाहीत, म्हणजे कोनमापकाचा शून्य दीड अंश चुकलेला. तपासायला काच अशी फिरवली की किरण परत लेझरच्या भोकात जावा. कोनमापकाच्या शून्यावर ठेवली तर परत आलेला ठिपका 60 सेंटिमीटरवर भोकापासून तीन सेंटिमीटर बाजूला पडत होता, हिशोबाने तेवढाच पडायला हवा. प्रिंट सैल करून परत चिकटवली.

28 जानेवारी

शून्य दुरुस्त झाल्यावरची पॅरलल रीडिंग, मिलिव्होल्टमध्ये, बॅकग्राउंड वजा करून (लेझर पुठ्ठ्याने अडवून जे येतं ते बॅकग्राउंड, ट्यूबलाइट बंदच ठेवायची):

```
50°  12.1
52°   6.5
54°   2.6
56°   0.5
58°   1.0
60°   5.0
62°  13.8
```

मिनिमम 56 आणि 58 च्या मध्ये कुठेतरी आहे, पण कुठे? 56 पासून 57 पर्यंत हलवलं तरी मीटर 0.3-0.4-0.5 मध्येच खेळतो. दरीचा तळ सपाट आहे. आणि शून्यही होत नाही, 0.3 च्या खाली जातच नाही.

आधी 0.3 चा हिशोब. किरण अडवला तर शून्य येतं, म्हणजे बाहेरचा उजेड नाही. काच मिनिममवर ठेवून पोलरायझर किंचित फिरवला, आणि मीटर 0.1 वर आला! म्हणजे लीकेज होतं, पोलरायझर पूर्ण आडवा नव्हता, थोडं पर्पेंडिक्युलर पोलरायझेशन घुसत होतं. ब्रूस्टर अँगलला पर्पेंडिक्युलरचं सुमारे 15-16 टक्के रिफ्लेक्शन होतं, त्यामुळे जरासं घुसलं तरी दिसतं. 3100 पैकी 0.3 यायला किती वाकडा लागेल ते काढलं: `sin²δ × 0.157 = 0.0001`, `δ` दीड अंशाच्या आत. स्केचपेनच्या बाणाकडून याहून काय अपेक्षा करणार. आता पोलरायझर इथेच, शून्यावर बघून, सेट करायचा.

1 फेब्रुवारी, रविवार

सपाट दरीचा प्रश्न सुटला आणि मला तो प्रोजेक्टमधला सगळ्यात आवडलेला भाग वाटतो.

आधी केलेला जुगाड: दोन्ही बाजूंना सारखं रीडिंग येणारे कोन शोधायचे आणि त्यांचा मध्य घ्यायचा. 50 च्या आसपास डावीकडचा घेतला तर उजवीकडचा जोडीदार 61-62 मध्ये येतो, मध्य 56 च्याही खाली. चुकीचं. कर्व्ह दोन्हीकडून सारखा चढत नाही, उजवीकडे जास्त खडा आहे (90 ला त्याला शंभर टक्क्यांवर पोचायचंय ना), म्हणून मध्य डावीकडे ओढला जातो. अर्धा-पाऊण अंश तिथेच गेला.

मग 18 तारखेचं ते वाक्य, की पॉवर म्हणजे `r` चा वर्ग. आपण मोजतो वर्ग, आणि वर्ग शून्याला फक्त टेकून परत वर जातो, म्हणून तळ सपाट. पण खुद्द `r_p` शून्याला टेकत नाही, तो त्याला कापून पलीकडे निगेटिव्ह होतो, ब्रूस्टरच्या पुढे रिफ्लेक्टेड फील्डची दिशाच उलटते. मीटरला ते चिन्ह दिसत नाही, पण आपल्याला माहीत आहे. तर रीडिंगचं वर्गमूळ काढा आणि मिनिममच्या पुढच्या सगळ्यांना मायनस लावा. दरी नाहीशी होते, जवळजवळ सरळ रेष मिळते, आणि सरळ रेष शून्याला कुठे कापते हे कोणालाही काढता येतं. तळाजवळची रीडिंग, जिथे मीटर भरवशाचा नाही, ती लागतच नाहीत.

पोलरायझर सुधारल्यावरची आजची रीडिंग:

```
54°   2.3  →  +1.52
58°   0.7  →  −0.84
θB = 54 + 4 × 1.52 / (1.52 + 0.84) = 56.58°
n  = tan 56.58° ≈ 1.515
```

लॅबमधल्या ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने त्याच काचेची खरी आणि भासणारी जाडी मोजली तर 1.52 आलं. पार्टनर पहिल्यांदाच गप्प.

सावधानी एकच, फार लांबचे पॉइंट घेऊ नका. 52 आणि 60 घेतले तर 56.3 येतं, कारण रेष पूर्ण सरळ नाही, उजवीकडे वाकते. दोन-अडीच अंश इकडे-तिकडे ठीक.

4 फेब्रुवारी

रिव्ह्यू झाला. पाण्यावर पण करून दाखवा म्हणाले. पार्टनरने तिथेच फळ्यावर पाण्याची रिलेटिव्ह पर्मिटिव्हिटी 81 घेतली, मूळ 9, ब्रूस्टर अँगल 83.66 अंश, आणि ते कोणालाच खटकलं नाही, मलासुद्धा नाही. पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणातही तोच आकडा असतो.

घरी येताना बसमध्ये ट्यूब पेटली. 81 हा रेडिओ लाटांसाठीचा आकडा आहे. तिथे पाण्याचे अख्खे रेणू फील्डसोबत फिरतात. प्रकाशाच्या फ्रिक्वेन्सीने बदलणाऱ्या फील्डमागे रेणू फिरूच शकत नाहीत, फक्त इलेक्ट्रॉन हलतात, आणि पर्मिटिव्हिटी उरते 1.77, म्हणजे `n` 1.33, अँगल 53 अंश. एकच पाणी, दोन अँगल, मधे तीस अंशाचा फरक. 83 वर लेझर लावून बसलो असतो तर आयुष्यभर शून्य मिळालं नसतं. पार्टनरला फोन केला, तो म्हणे, "म्हणजे पुस्तक चुकलं?" पुस्तक नाही चुकलं, आपण फ्रिक्वेन्सी विचारली नाही.

8 फेब्रुवारी, रविवार

पाण्यासाठी लेझर नाही वापरला, सूर्य वापरला. विचार असा: `tanθB = n`, आणि उभ्या काठीची सावली भागिले काठीची उंची हा सूर्याच्या उभ्या रेषेपासूनच्या कोनाचा टॅनच असतो. म्हणजे काठीची सावली उंचीच्या 1.33 पट, चार तृतीयांश, झाली की सूर्य पाण्यासाठी बरोबर ब्रूस्टर अँगलला आलेला असतो. कोनमापक नको, काही नको. काठी 75 सेंटिमीटरची कापली, सावली एक मीटर व्हायची वाट पाहायची.

गच्चीवर आईची स्टीलची परात ठेवली पाणी भरून. सव्वादोनला सावली कमीच होती, तीन वाजून पस्तीस-छत्तीस मिनिटांनी ती मीटरच्या खुणेला लागली. पाण्यातल्या सूर्याकडे डोळ्याने बघायचं नाही, शीट लावूनही नाही, फोन धरला आणि शीट त्याच्या कॅमेऱ्यापुढे फिरवली. चमक कमी झाली पण गेली नाही. कारण लगेच दिसलं, परातीचा तळ. पाण्यातून खाली गेलेला प्रकाश स्टीलवरून परत येतो, आणि धातूला असं शून्य नसतंच, त्यात आत गेलेली लाट शोषली जाते, रिफ्लेक्शन नुसतं थोडं कमी होतं.

मग आतून काळी पडलेली लोखंडी कढई आणली. (आई: "आता कढईवर पण प्रयोग? भाजी कशात करू?") पाणी स्थिर व्हायला दोन मिनिटं. शीट फिरवली, स्क्रीनवर सूर्य तसाच चमकदार. मी वैतागलो, म्हटलं गेलं सगळं. पार्टनर शीट फिरवत राहिला आणि म्हणाला, "अबे, कढईची कड पाह्य ना, ती उजळून राहिली." खरंच, सूर्य मंद झाला की फोन स्वतःच एक्स्पोजर वाढवून त्याला परत उजळ करत होता. बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक केलं, परत शीट फिरवली. पांढरा गोळा बारीक होत होत एका करड्या टिंबावर आला आणि कढईचा काळा तळ, त्यातला एक करपलेला मोहरीचा दाणा, स्पष्ट दिसायला लागला.

चार वाजता परत पाहिलं, सावली मीटरच्या पुढे गेली होती, टिंब पुन्हा गोळा व्हायला लागलं होतं. व्हिडिओ दोन्ही वेळचे ठेवलेत. कढई घासून दिली.